ग्रॅच्युइटीचं पहिलं व्हॅल्युएशन: रिटायर कुणीच होत नव्हतं, तरी ३१ लाख

भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीनिंगच्या कंपनीत मी अकाउंट्स बघते. इतकी वर्षं आमच्याकडे ग्रॅच्युइटीचा हिशोब एकदम सरळ होता, कुणी सोडून गेलं की चेक काढायचा आणि त्या वर्षी खर्चात टाकायचा. खरं तर पन्नासच्या आत माणसं असली तरी पुढे द्यायच्या रकमेची तरतूद दरवर्षी पुस्तकात करावीच लागते, फक्त तेव्हा ॲक्च्युअरी, म्हणजे अशा भविष्यातल्या देण्यांचं गणित मांडणारा तज्ज्ञ, न लावता सोप्या पद्धतीनं केली तरी चालते, पण जुन्या सीएंनी कधी विषयच काढला नाही. मग नवीन ऑडिटर आले, माणसंही पन्नासच्या वर गेलेली, आणि त्यांनी पहिल्याच मीटिंगमध्ये सांगून टाकलं की एएस १५ या अकाउंटिंग स्टँडर्डप्रमाणे ॲक्च्युअरीचं सर्टिफिकेट आणा नाहीतर ऑडिट रिपोर्टमध्ये क्वालिफिकेशन, म्हणजे हिशोबावर आक्षेप, टाकतो. बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं रिन्यूअल तोंडावर होतं, त्यामुळे क्वालिफिकेशन परवडणारं नव्हतं.

साहेबांचं म्हणणं, "मॅडम, आपला सगळ्यात सीनिअर माणूस अजून सात-आठ वर्षं जात नाही, मग आत्तापासून कशाला नफा खायचा?" वरवर बघता बरोबरच वाटतं. पण ग्रॅच्युइटी ही निवृत्तीच्या दिवशी मिळणारी भेट नाहीये, कायद्याप्रमाणे प्रत्येक पूर्ण वर्षाच्या नोकरीसाठी १५ दिवसांचा पगार, आणि तोही शेवटच्या बेसिक प्लस डीएवर. म्हणजे माणसानं या वर्षी काम केलं की या वर्षाचा तुकडा कंपनीच्या अंगावर आलाच, तो द्यायचा कधी हा वेगळा प्रश्न.

साहेबांना पटावं म्हणून स्टोअरमधल्या एकांचं उदाहरण कागदावर मांडलं. वय ४३, नोकरी १० वर्षं, बेसिक प्लस डीए २६,००० रुपये. कायदा महिना २६ दिवसांचा धरतो, म्हणून वर्षाला बरोबर १५,००० बसतात. आज सोडून गेले तर १० वर्षांचे दीड लाख. साहेब म्हणाले मग दीड लाखच लावा ना. पण ते ५८ ला निवृत्त होणार, म्हणजे अजून १५ वर्षं, आणि तेव्हा या जुन्या १० वर्षांचे पैसेसुद्धा तेव्हाच्या पगारावर द्यायचेत! वर्षाला ८ टक्के पगारवाढ धरली तर तेव्हाचा पगार साधारण ८२,५०० होतो, एका वर्षाचा तुकडा ४७,६०० च्या आसपास, म्हणजे झालेल्या १० वर्षांचे पावणेपाच लाख. ते आजच्या किमतीत आणायला सरकारी रोख्यांचा दर लावायचा, आम्ही ७ टक्के धरला, तर येतात १ लाख ७२ हजार. ही आजची लायबिलिटी. (प्रत्यक्षात मध्येच सोडण्याची आणि मृत्यूची शक्यतापण त्यात मिसळतात, मी समजायला सोपं म्हणून ती सोडून दिली.)

पुढच्या वर्षी काय होतं ते बघा. ते अजून एक वर्ष काम करतात, त्याचा तुकडा आजच्या भावात साधारण १८,५००, याला करंट सर्व्हिस कॉस्ट म्हणतात. शिवाय जुने १ लाख ७२ हजार निवृत्तीच्या एक वर्ष जवळ आले म्हणून त्यांच्यावर ७ टक्क्यांनी १२,००० च्या आसपास व्याज चढतं. दोन्ही मिळून वर्षाचा खर्च ३०,५००, आणि लायबिलिटी दोन लाखांच्या पुढे. १५,००० चा अंदाज धरून बसलेल्या माणसाला निम्माच खर्च दिसला असता. आणि एवढ्यात कंपनीतून एक रुपयाही बाहेर गेलेला नाही.

साहेबांचा पुढचा मुद्दा पाच वर्षांचा. पाच वर्षं झाली नाहीत त्यांना द्यायचीच नाही, मग त्यांची तरतूद कशाला? तर तीपण करावी लागते, फक्त त्यातले किती जण पाच वर्षांपर्यंत टिकतील याच्या अंदाजानं ती कमी होते. शिवाय मृत्यू झाला किंवा कायमचं अपंगत्व आलं तर पाच वर्षांची अट लागतच नाही.

आता डेटा. ॲक्च्युअरीला फार काही लागत नाही, एम्प्लॉयी कोड, जन्मतारीख, जॉइनिंग तारीख, बेसिक प्लस डीए, एवढंच. पण आमच्या पेरोल सॉफ्टवेअरमधून निघालेल्या शीटमध्ये शॉपफ्लोअरच्या निम्म्या लोकांचा जन्म ६ जानेवारीचा दिसत होता. आपल्याकडे जुन्या शाळांनी कित्येकांची जन्मतारीख १ जून लावून टाकलीय हे माहीत होतं म्हणून लगेच कळलं की एक्सेलनं दिवस आणि महिना उलटे केलेत. जन्मतारखेनं फार फरक पडला नसता, पण जॉइनिंगच्या तारखापण तशाच उलटल्या होत्या आणि तिथे सर्व्हिस मागेपुढे होते. त्यामुळे रिपोर्ट आला की आधी माणसांची संख्या आणि मासिक पगाराची एकूण रक्कम मार्चच्या पगारपत्रकाशी जुळवायची, बेसिकच्या जागी ग्रॉस गेला असेल तर तिथेच पकडला जातो.

खरी ओढाताण झाली ती पगारवाढीच्या दरावर. हे अंदाज ॲक्च्युअरीचे नसतात, मॅनेजमेंटनं द्यायचे असतात, आणि साहेबांना ५ टक्के हवे होते. ५ धरलं की त्याच स्टोअरवाल्यांची लायबिलिटी १ लाख ७२ हजारांवरून १ लाख १३ हजारांवर येते. म्हणजे ते उद्या राजीनामा देऊन गेले तर दीड लाख द्यायचे आणि पुस्तकात सव्वासुद्धा नाही. रिपोर्टमध्ये डिसकंटिन्युअन्स लायबिलिटी म्हणून एक आकडा असतो, आज सगळे एकदम गेले तर किती द्यावे लागतील तो, आणि मुख्य लायबिलिटी त्याच्यापेक्षा खूप खाली दिसली तर पगारवाढीचा दर एकदा तपासायचाच. ऑडिटरनं मागच्या तीन वर्षांची इन्क्रिमेंटची पत्रकं मागितली, सरासरी आठच्या जवळ निघाली, विषय संपला.

एकूण आकडा ३१ लाख. त्यातले २६ मागच्या वर्षांचे, ते प्रायर पीरियड आयटम म्हणून नफा-तोटा पत्रकात वेगळे दाखवले, ५ त्या वर्षाचे. बँकेच्या मॅनेजरला ती ओळ दाखवून समजावलं, त्यांना बाकी काही अडचण नव्हती. टॅक्समध्ये मात्र नुसत्या तरतुदीची वजावट मिळत नाही, त्या वर्षी आयकर कायदा १९६१ चं कलम ४०ए(७) आडवं आलं. पुस्तकात नफा कमी झाला तरी टॅक्स तेवढाच, मग या फरकासाठी डेफर्ड टॅक्सची एंट्री. मान्यताप्राप्त ग्रॅच्युइटी फंडात पैसे भरले तर वजावट मिळते, हे कळल्यावर साहेब ट्रस्ट करून एलआयसीच्या ग्रुप ग्रॅच्युइटी स्कीमला तयार झाले. आता ताळेबंदात लायबिलिटीतून फंडातली रक्कम वजा करून उरलेलीच दाखवतो.

आणि एवढं सगळं बसलं तोवर २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड लागू झाले. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा. शॉपफ्लोअरला फारसा फरक नाही, त्यांचं बेसिक आधीच निम्म्याच्या वर आहे, पण ऑफिस स्टाफमध्ये ४०,००० पगार आणि बेसिक १६,००० असे बरेच आहेत, त्यांचं वेतन आता २०,००० धरायचं, म्हणजे ग्रॅच्युइटी थेट २५ टक्क्यांनी वर, आणि शेवटच्या वेतनावर मोजायची म्हणून झालेल्या सगळ्या वर्षांची. या मार्चच्या डेटाशीटमध्ये म्हणून भत्त्यांचे कॉलम वेगळे पाडून देतेय, आणि ॲक्च्युअरीला सांगितलंय की या बदलामुळे वाढलेला आकडा स्वतंत्र काढून द्या, सगळा एकत्र आला तर साहेब मलाच विचारणार.