दोन बोऱ्हाडे

दुपारी लेखा विभागातून फोन आला. "एका मुलीने फी भरलीय, पावतीही हातात आहे. पण तुमच्या यादीत ती थकबाकीदार दिसतेय." अर्जांची आणि फीची यादी नावावरून जुळवणारा प्रोग्रॅम माझाच होता, त्यामुळे पोटात गोळाच आला. दोन्ही फायली शेजारी शेजारी उघडल्या. दोन्हीकडे आडनाव बोऱ्हाडे, अक्षर न् अक्षर तेच. मागेपुढे चिकटलेली स्पेस असेल म्हणून तीही काढून पाहिली. तरी प्रोग्रॅम म्हणे, नावं वेगळी.

मग आडनावाची लांबी कोडपॉइंटमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाच्या युनिकोड क्रमांकांत मोजली. अर्जातलं ८ कोडपॉइंटचं, फीच्या यादीतलं ९. 'ऱ्ह'पाशी काय आहे ते छापलं:

```
0931 094D 0939
0930 094D 200D 0939
```

पहिल्या ओळीत ऱ, हलन्त आणि ह. दुसऱ्या ओळीत साधा र, हलन्त, मग 200D, म्हणजे झेडडब्ल्यूजे हा न दिसणारा जोडक, आणि ह. अर्धा, आडवा र युनिकोडमध्ये या दोन्ही रीतींनी लिहिता येतो आणि कीबोर्डागणिक रीत बदलते. पडद्यावर फरक शून्य.

नॉर्मलायझेशन केलं, म्हणजे समतुल्य रीती एकाच रूपात आणल्या, की प्रश्न मिटेल, असं मी धरून चाललो होतो. त्यातलं एनएफसी हे रूप लावलं, तरी लांबी ९च. एनएफसी जोडतं ते र आणि नुक्ता: `0930 093C` आलं तर त्याचं `0931` होतं. झेडडब्ल्यूजेला ते हातही लावत नाही. युनिकोडच्या लेखी या दोन रीती समतुल्य नाहीतच.

सहकारी म्हणाली, "मग तो 200D सरसकट काढून टाक ना." करून पाहिलं, तर समोर 'बोर्हाडे' उभं राहिलं, रफार डोक्यावर. म्हणजे जुळणी तर झाली नाहीच, वर नावही बिघडलं. मराठीत हा फरक जपायलाच हवा. आचार्यांना दिलेला मान आणि आचाऱ्यांना दिलेली मजुरी यांत एवढंच अंतर असतं.

शेवटी क्रम बदलला. आधी आडव्या र ची दुसरी रीत पहिलीत आणायची, मग एनएफसी आणि उरलेले झेडडब्ल्यूजे त्यानंतरच काढायचे:

```python
s = s.replace("\u0930\u094D\u200D", "\u0931\u094D")
s = unicodedata.normalize("NFC", s)
s = s.replace("\u200D", "")
```

हे फक्त तुलनेपुरतं. साठवलेलं नाव जसं टाइप झालं तसंच ठेवलं, कारण इतर जोडाक्षरांत झेडडब्ल्यूजे कुणी मुद्दाम अर्धं अक्षर दिसावं म्हणून घातलेला असू शकतो.

संध्याकाळी यादी पुन्हा चालवली आणि त्या मुलीचं नाव थकबाकीतून गेलं. खाली मात्र एक 'कर्हाडे' उरलं होतं, रफार देऊन टाइप केलेलं. ते 'कऱ्हाडे'च असणार, असं मनात आलं. पण ते प्रोग्रॅमने ठरवणं मला पटलं नाही. ती ओळ वेगळी काढली आणि पावती क्रमांक पाहून खात्री करायला लेखा विभागाकडे पाठवली.