आभाराचं पत्र लिहिताना आमचे ६३ टक्के ३९ झाले

जूनच्या पहिल्या आठवड्यात ट्रस्टचे सचिव म्हणाले, "सिस्टर, काकाजींना आभाराचं पत्र टाका. एक पान पुरे. आकडे जरा चांगले टाका." त्या एका पानाला मला नऊ दिवस लागले.

आमचा दवाखाना यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावापासून आत. काकाजींचं जिनिंग आहे. काकू लकव्याने गेल्या, तेव्हापासून बीपीचा विषय निघाला की ते गप्प होतात. मागच्या नोव्हेंबरात त्यांनी बीपीच्या पेशंटसाठी १,२०,००० रुपये दिले. त्याआधी आमच्याकडे गोळ्या पुरत नसत, म्हणून आम्ही एका वेळी आठवड्याच्याच द्यायचो. म्हणजे बाईने महिन्यातून चार वेळा मजुरी पाडायची, वर ऑटोचं भाडं भरायचं, आणि तेही काही दुखत-खुपत नसताना. कोण येईल? देणगी आल्यावर आम्ही एकदम ३० दिवसांच्या गोळ्या द्यायला लागलो. खरं तर एवढंच बदललं.

पहिला मसुदा मी तासाभरात लिहिला. मार्च ते मे या तीन महिन्यांत ११२ पेशंट आले, त्यांतल्या ७१ जणांचं शेवटचं माप १४०/९० च्या खाली होतं. म्हणजे ६३ टक्के. सचिव खूश झाले. त्यांनी खाली एक ओळही सुचवली: 'आपल्यामुळे अनेकांचा लकवा टळला.'

संध्याकाळी रजिस्टर मिटताना माझं लक्ष डिसेंबर ते फेब्रुवारीच्या पानांवर गेलं. त्या तीन महिन्यांत आपण नावं किती लिहिली? १८४. मग उरलेले ७२ कुठे गेले? जे आलेच नाहीत त्यांना सोडून टक्का काढला, तर जितके जास्त पेशंट गळतील तितका आपला टक्का छान दिसेल. म्हणून ७१ ला १८४ ने भागलं. ३९ टक्के.

त्या ७२ जणांचा शोध आशाताईंनी आणि मी घेतला. दिवस त्यातच गेले. १९ जण प्राथमिक आरोग्य केंद्रातून गोळ्या घेत होते. ते बरेच आहेत, पण त्यांचं श्रेय आमचं नाही. ११ जण कामासाठी बाहेरगावी. तिघं वारले, त्यांतला एक लकव्याने. १३ जणांचा पत्ताच लागला नाही. आणि २६ जणांनी गोळ्या चक्क सोडल्या होत्या. एक आजी बाजेवर बसल्या बसल्या म्हणाल्या, "मले काई होत नाई तं गोळी काऊन खाऊ, बाई? डोकं दुखलं का खातो न." त्यांच्या उशाखाली फेब्रुवारीचं पाकीट होतं, त्यात २२ गोळ्या शिल्लक. म्हणजे ३० दिवसांच्या गोळ्या हातात दिल्या म्हणजे त्या पोटात गेल्या, असंही नाही.

आता दुसरी अडचण. सचिवांना 'आधी आणि नंतर' हवं होतं. आधीची मापं रजिस्टरमध्ये होती, पण ती जुन्या काट्याच्या मशीनची. मी ते मशीन कपाटातून काढलं. पट्टा मोकळा, हवा पूर्ण सोडलेली, तरी काटा ८ वर उभा. शून्यावर येतच नव्हता. अशा मशीनची मापं वर सरकलेली असणार. नव्या डिजिटल मशीनवर तोच माणूस औषधाशिवायही 'सुधारलेला' दिसेल.

आणि ऊन. पहिली मापं थंडीतली, शेवटची एप्रिल-मेमधली. उन्हाळ्यात अंगातल्या रक्तवाहिन्या सैलावतात, घामावाटे पाणी आणि मीठ जातं, रक्तदाब तसाही थोडा उतरतो. आपल्याकडचा मे तर सांगायलाच नको. मे महिन्यात एक काका तपासणीच्या बाकावरून उठताना भोवळ येऊन परत बसले. माप ९८/६०. डॉक्टरांनी त्यांची लघवी वाढवणारी गोळी बंद केली आणि दुसरीचा डोस निम्मा केला. हे काका माझ्या ७१ मध्ये 'नियंत्रणात' म्हणून मोजलेले होते! मी त्यांना काढलं नाही, कारण नियम १४०/९० चाच ठेवला होता, पण पत्रात ते लिहिलं.

मग तुलना कशाची करायची? डॉक्टर म्हणाले, मशीन आणि ऊन ज्याला लागत नाही असं काहीतरी शोधा. ते रजिस्टरमध्येच होतं: माणूस परत आला की नाही. आदल्या वर्षी त्याच तीन महिन्यांत ९६ नावं लिहिली होती, त्यांतले मार्च ते मेमध्ये ३१ आले. साधारण तिघांत एक. या वर्षी १८४ पैकी ११२, म्हणजे पाचांत तीन. तेच महिने, तेच ऊन, तीच कापूस वेचणी संपलेली. हा फरक मी ठामपणे लिहू शकत होते. तरी एक ओळ जोडली, की या वर्षी आशाताई घरोघरी आठवण द्यायलाही गेल्या होत्या, त्यामुळे सगळं गोळ्यांमुळेच झालं असं नाही.

लकव्याची ओळ मी खोडली. १८४ माणसं आणि सहा महिने, एवढ्यात कोणाचा लकवा टळला हे कोणीच सांगू शकत नाही. सचिव म्हणाले, "निदान तो लकव्याने गेलेला तरी लिहू नका. काकाजींना वाईट वाटेल." मी ठेवला. नाव अर्थातच कोणाचंच टाकलं नाही.

पैशाचा हिशोब लिहायला सगळ्यात कमी वेळ लागला, पण हात तिथेच अडखळला. पत्रातला तो भाग असा:

'मे अखेरपर्यंत ७४,५०० रुपये खर्च झाले. औषधं ६१,४००, मोठ्या पट्ट्यासह दोन मशीन ५,६००, कार्डं आणि रजिस्टर ३,२००, गृहभेटींचा ऑटो ४,३००. शिल्लक ४५,५००. औषधांतल्या १६० पट्ट्या, २५ रुपयांप्रमाणे ४,००० रुपयांच्या, बहुधा वाया जातील. त्यात लघवी वाढवणारं औषध आहे. स्वस्त मिळाल्या म्हणून मी एकदम घेतल्या, उन्हाळ्यात डॉक्टरांनी ते औषध कमी केलं, आणि मुदत ऑगस्टमध्ये संपते. दुकानदार परत घेत नाही. यापुढे दोन महिन्यांपेक्षा जास्त साठा घेणार नाही.'

एक पानाचं पत्र दोन पानांचं झालं. सचिवांनी सही केली, पण तोंड वाकडं करूनच.

चार दिवसांनी काकाजींचा फोन आला. मला वाटलं ४,००० वरून बोलतील. ते म्हणाले, "सिस्टर, आमच्याकडं क्विंटलभर कापूस आला तं रुई ३४-३५ किलोच निघते. गाडी किती आली ते लपवून रुई सांगितली तं मले काय समजणार? हे १८४ लिहिलं ते बरं केलं." मग थोडा वेळ काही बोलले नाहीत. "तो लकव्यानं गेला, तो गोळ्या खात होता का?"

मी कार्ड काढलं. जानेवारीत एकदा आला होता, नंतर नाही. त्या २६ मध्ये तो धरलेला नव्हता, कारण आम्ही घरी पोहोचलो तेव्हा तो गेलेला होता. तेच सांगितलं.

"मंग त्या २६ लोकाइकडं आधी जा," काकाजी म्हणाले. "ऑटोचे पैसे त्या ४५,५०० मधून काढा. अन् दुसरं पत्र जानेवारीत टाका, थंडीतलं."