जाणं हुकलं आणि येणंही गेलं

रात्री साडेनऊला फोन वाजला. अमळनेरचे आमचे जुने गिऱ्हाईक, निवृत्त मास्तर, दिल्लीहून बोलत होते. "भाऊ, सकाळी सातचं विमान आहे आणि वेब चेक-इन होतच नाहीये."

मी जळगावच्या ऑफिसात त्यांचा पीएनआर उघडला आणि पोटात गोळा आला. मुंबई–दिल्लीपुढे 'नो-शो', म्हणजे प्रवासी आलाच नाही, आणि दिल्ली–मुंबई रद्द.

जायचं-यायचं तिकीट मीच एकत्र काढून दिलं होतं. मुंबईत लेकीकडे दोन दिवस थांबून दिल्लीला लग्नाला जायचं, असा बेत होता. तो मुक्काम रद्द झाला आणि मास्तरांनी भुसावळहून थेट दिल्लीची गाडी पकडली. खानदेशातला कुणीही हेच करेल. दिल्लीला जायला आधी उलटं मुंबईला कशाला जायचं? जाण्याचे पैसे बुडाले, येण्याचे तर भरलेलेच आहेत, असा त्यांचा हिशोब. परतताना मात्र मुंबईलाच उतरायचं होतं. दुपारी नातीचं बारसं होतं.

"पण मी येण्याचं तिकीट रद्द केलंच नाही!" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. खरंच होतं ते. कुणी माणसानंही ते केलं नव्हतं. एकत्र तिकिटात प्रत्येक टप्प्याचं एक कूपन असतं आणि ती ओळीनेच वापरायची, अशी अट बऱ्याच कंपन्यांच्या भाडे-नियमांत असते. विमान सुटलं, पहिलं कूपन तसंच राहिलं, की संगणक नो-शो लावतो आणि पुढच्या जागा आपोआप सोडून देतो. जो गेलाच नाही तो परत कुठून येणार, असं तो धरून चालतो. दुसरं कारण पैशाचं. काही मार्गांवर, विशेषतः परदेशी, जाऊन-येऊनचं भाडं एकेरीपेक्षाही स्वस्त पडतं. लोकांनी ते घेऊन अर्धंच वापरू नये म्हणून ही अट. काही कंपन्या दोन्ही बाजू वेगळ्या धरतात आणि परतीला हात लावत नाहीत. या तिकिटाला ती सवलत नव्हती.

मी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने शांतपणे सांगितलं, विमान सुटायच्या आधी कळवलं असतं तर भाड्यातला फरक घेऊन परतीचं तिकीट नव्याने करून दिलं असतं. आता तिच्या हातात काही नव्हतं. मास्तरांनी भुसावळहून गाडीत बसण्याआधी मला एक फोन केला असता तर! पण करायचा असतो, हे मी तिकीट देताना सांगितलंच नव्हतं. याची रुखरुख मला आजही आहे.

त्याच विमानात जागा शिल्लक होती. आयत्या वेळचं एकेरी भाडं जवळजवळ आधीच्या दोन्ही बाजूंच्या तिकिटाएवढं झालं. मास्तर क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "काढा."

ते बारशाला पोहोचले. प्रवास न केलेल्या तिकिटावरचे सरकारी कर आणि विमानतळ शुल्क मागता येतं, मूळ भाडं बुडालं तरी. तो अर्ज मी दुसऱ्याच दिवशी केला. रक्कम लहानच होती, पण ती द्यायला मी स्वतः अमळनेरला गेलो.