पातळ पिठी आणि वाळूचा कॅन : माझा अनुभव

पाळी जाऊन दीड वर्ष झालं तेव्हा हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन केला. कण्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण वयातल्या हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे 1.7 आला. उणे 1 ते उणे 2.5 या टप्प्यात हाडं विरळ होऊ लागलेली असतात, उणे 2.5 किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. डॉक्टरांनी हाडांचं औषध दिलं नाही. खाणं सुधारा आणि वजन उचला, इतकंच सांगितलं.

मी वेंगुर्ल्याची, वजन 56 किलो. या वयात किलोमागे साधारण 1.2 ग्रॅम प्रथिनं धरली तर दिवसाची 67 ग्रॅम होतात. आठवडाभर स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून खाल्लं, तर बेरीज 42 च्या आसपास. मासे रोज असूनही! सकाळी पेज आणि लोणचं, म्हणजे जेमतेम चार ग्रॅम. रात्री कुळथाची पिठी, पण ती आमच्याकडे पातळ असते. माणशी दोन चमचे पीठ, म्हणजे चारच ग्रॅम. कुळीथ पौष्टिक खरा, पण वाटीत होतं ते बहुतेक पाणीच.

दुपारी 100 ग्रॅम मासा (काटा सोडून) आणि भात मिळून 26 ग्रॅम होत होते, तिथे हात लावला नाही. सगळी प्रथिनं दुपारीच खाऊन भागत नाही. या वयात स्नायूंना प्रत्येक जेवणात 20-25 ग्रॅम मिळालेली बरी. म्हणून सकाळी पेजेऐवजी 40 ग्रॅम नाचणीची आंबील, एक पेला दूध आणि दोन अंडी घेऊ लागले; ते 21 झाले. रात्री पिठीत माणशी 40 ग्रॅम पीठ घालून ती दाट केली, सोबत वाटीभर दही आणि थोडा भात. ते 19-20. पहिले चार दिवस घरच्यांनी दाट पिठीला नावं ठेवली.

कॅल्शियमचं लक्ष्य 1200 मिलिग्रॅम. आपल्याला वाटतं मासे खातो म्हणजे मिळत असेल. पण माशातलं कॅल्शियम काट्यात असतं, आणि बांगड्याचा काटा आपण ताटाच्या कडेला ठेवतो. दूध, दही, नाचणी आणि कुळीथ मिळून माझे सुमारे 700 झाले. उरलेल्या 500 साठी गोळी. इथे लेबल नीट वाचावं लागतं. कॅल्शियम कार्बोनेट 1250 लिहिलं असेल तर त्यात कॅल्शियम 500 च असतं. ही गोळी जेवणाबरोबर घ्यायची, लोहाच्या गोळीसोबत नाही, आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर. मूतखडा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर गोळी आणि वाढीव प्रथिनं दोन्ही डॉक्टरांना विचारूनच.

व्यायामात माझी चूक ठरलेली होती: समुद्रावर रोजचं चालणं आणि अर्ध्या किलोच्या डंबेलने तीस वेळा हात हलवणं. हाडावर आणि स्नायूवर सवयीपेक्षा जास्त भार आला तरच त्यांना जाड व्हायचं कारण मिळतं. पाच लिटरचा कॅन घेतला. अर्धा भरला की पाणी डचमळतं आणि मनगट वळतं, म्हणून कोरडी वाळू भरली. लिटरभर वाळू दीड किलोच्या थोडी वर. आठवड्यातून दोनदा, मध्ये दोन दिवस सोडून: कॅन छातीशी धरून खुर्चीतून उठणं, जमिनीवरचा कॅन उचलून उभं राहणं, ओट्याला हात टेकून दंड, आणि कॅन कमरेकडे ओढणं. प्रत्येकी दहा-बारा वेळा, दोन फेऱ्या.

वजन किती असावं, हे फेरीतल्या शेवटच्या दोन वेळा सांगतात. त्या करताना गप्पा मारता आल्या तर कॅन हलका. पाठ वाकली तर जड. व्यायामाच्या लागोपाठच्या दोन दिवशी दोन्ही फेऱ्यांत बारा जमले की एक किलो वाढवायचं. खुर्चीतून उठण्याचं मी तीन किलोवर सुरू केलं, तीन महिन्यांनी आठवर आले. दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकणं चालतं. गुडघ्यात किंवा कमरेत टोचणारी कळ आली तर थांबायचं. उचलताना श्वास रोखायचा नाही, रक्तदाब चढतो. आणि विहिरीवरची कळशी उचलतो तसं कमरेत गोल वाकायचं नाही: पाठ सरळ, ढुंगण मागे, कॅन पायांजवळ. हाडं विरळ असतील तर वाकलेल्या कण्यावरच्या भारानेच मणका दबण्याची भीती जास्त. म्हणून पोटासाठी आडवं पडून उठून बसण्याचा व्यायामही सोडला.

फरक आधी खुर्चीवर दिसला. तीस सेकंदांत हात न टेकता दहादा उठत होते, बारा आठवड्यांनी पंधरादा. हाडाचा फरक एवढ्यात मोजता येत नाही. पुढचा स्कॅन वर्ष-दोन वर्षांनी, त्याच मशीनवर, नाहीतर दोन आकड्यांची तुलनाच होत नाही.

अडलं ते जून-जुलैत, मासेमारी बंद असताना, आणि मग श्रावणात. सुकट धुऊन, भिजवून वापरली तरी मीठ राहतंच, म्हणून रक्तदाब असणाऱ्यांनी तिच्यावर भिस्त ठेवू नये. उपासाच्या दिवशी साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतात. त्यात मूठभर जास्त शेंगदाण्याचं कूट, वर वाटीभर दही आणि रात्री दूध घेऊनही बेरीज पन्नाशीच्या आत राहते. तसे दिवस आठवड्यात दोन आले, तर व्यायाम त्या दिवशी ठेवत नाही.