कांद्याची साल कुठल्या डब्यात?

१ जुलै २०२४, सोमवार. सकाळी सव्वानऊला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्री अंथरून आम्ही तिघं उकिडवे बसलो होतो: मी, सेक्रेटरीकाका आणि सफाईला येणाऱ्या मावशी. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. समोर छत्तीस घरांचा कचरा होता, आणि त्या दिवसापासून तो वेगवेगळा यायचा होता.

मी इथली पगारी मॅनेजर. रत्नागिरी शहराच्या कडेला तीन विंग, छत्तीस बिऱ्हाडं. पाणीपट्टी, लिफ्टची देखभाल, पार्किंगची भांडणं हे माझं रोजचं काम. कचऱ्याचं काम अंगावर आलं तेव्हा मी जूनच्या मध्यावर प्रत्येक लिफ्टशेजारी एक सूचना लावली होती. मजकूर असा: ‘ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका कचरा निळ्या डब्यात. १ जुलैपासून मिश्र कचरा उचलला जाणार नाही.’ तीनदा वाचून पाहिली. याहून सोपं काय लिहायचं, असंच मला वाटलं होतं.

मावशींनी पहिला निळा डबा ताडपत्रीवर उपडा केला. त्यातून कांद्या-लसणाच्या साली निघाल्या, दोन वाळून कडक झालेल्या चपात्या, सुकलेली जास्वंदीची फुलं, चहाची वाळलेली पूड आणि अंड्यांची टरफलं. प्लास्टिकचा तुकडा औषधालाही नव्हता. दुसरा हिरवा डबा. त्यात तीन दुधाच्या पिशव्या, आत दुधाचे थेंब तसेच. दह्याचा कप. आणि वर घडी घालून ठेवलेलं, पावसात भिजून लगदा झालेलं पुठ्ठ्याचं खोकं.

काकांचा पारा चढला. “सांगून कळत नाही लोकांना. दंड लावा!”

मला मात्र ते खोकं बघून हसू आलं, आणि लगेच हसू थांबलं. ज्या घरातून ते आलं होतं त्या घराने सूचना अगदी काटेकोर पाळली होती. खोकं ओलं होतं, म्हणून हिरव्या डब्यात. कांद्याची साल सुकी होती, म्हणून निळ्यात. चूक माझ्या दोन शब्दांची होती. ‘ओला’ म्हणजे भिजलेला, ‘सुका’ म्हणजे कोरडा, हा त्या शब्दांचा घराघरातला अर्थ. कचऱ्याच्या कामात मात्र ओला म्हणजे कुजणारा आणि सुका म्हणजे न कुजता विकता येणारा. त्यात कोकणातला जुलै. वर्तमानपत्रसुद्धा दमट, उशीसुद्धा दमट. इथे ‘सुकं’ असं सांगायचं तरी कशाला?

मग आम्ही सगळेच डबे बघितले. वजनकाटा होता, त्यावर निळ्या डब्यांतला माल तोलला. अकरा किलो भरला. त्यातून कुजणारं बाजूला काढलं तर ते साडेचार किलो निघालं. छत्तीसपैकी सतरा घरांकडून ही एकच चूक झाली होती. आळशीपणा म्हणावा अशी घरं चारच, त्यांनी सगळं एका काळ्या पिशवीत बांधून दिलं होतं. अशाच एका पिशवीत हात घालताना मावशींनी पटकन मागे घेतला. दाढीचं ब्लेड होतं, कागदात न गुंडाळलेलं. लागलं नाही. त्यांनी नुसतं उजव्या अंगठ्यावरचा जुना पांढरा व्रण मला दाखवला आणि पुढच्या पिशवीला हात घातला.

दुपारी भंगारवाला आला. पुठ्ठा हातात घेऊन त्याने नाकाला लावला आणि खाली टाकला. आमटी लागलेला पुठ्ठा आणि लगदा झालेला कागद त्याला नको होता. दुधाच्या पिशव्या धुतलेल्या असत्या तर नेल्या असत्या. “एक आंबट पिशवी असली की अख्ख्या पोत्याला वास लागतो,” तो म्हणाला. म्हणजे वेगळा करूनही निळ्या डब्यातला बराचसा माल गाडीतूनच जाणार होता.

त्या संध्याकाळी मी सूचना काढून टाकली. काकांना ते पटलं नाही. पहिल्याच दिवशी माघार घेतली तर लोक चेष्टा करतील, असं त्यांचं म्हणणं. चेष्टा झालीच.

पुढचे चार दिवस मी घरोघर फिरले, सांगायला नाही, विचारायला. प्रत्येक घरात एकच प्रश्न: कुठली वस्तू हातात घेऊन तुम्ही दोन डब्यांच्या मध्ये थांबलात? बी विंगमधल्या आजींनी मला स्वयंपाकघरात नेऊन करवंटी दाखवली. “ही कुजते म्हणतेस, पण आमच्या परसात वर्षानुवर्षं पडलेली मी बघितलीय.” आजींचं खरं होतं. करवंटी, सोडण, आंब्याची कोय, तिसऱ्यांच्या शिंपल्या, मटणाची नळी. हे सगळं निसर्गाचंच, पण आमच्या खताच्या हौदात दीड-दोन महिन्यांत यातलं काही विरघळत नाही. चाळताना ते जसंच्या तसं वर येतं. करवंट्यांचा प्रश्न मावशींनीच सोडवला. त्यांच्या घरी अजून बंब आहे. एक वेगळं पोतं जिन्याखाली ठेवा, मी नेते, म्हणाल्या. शिंपल्या धुऊन बागेतल्या वाटेवर टाकायचं ठरलं.

नवी सूचना लिहिली तेव्हा ‘ओला’ आणि ‘सुका’ हे शब्द पूर्णपणे टाळता आले नाहीत, कारण घंटागाडीवर तेच लिहिलेलं असतं. पण ते कंसात गेले. मजकूर असा होता:

‘हिरवा डबा: जे कुजतं ते, मग ते हाताला कोरडं लागो. कांद्याची साल, शिळी चपाती, निर्माल्य, चहाची पूड, अंड्याचं टरफल, माशाची डोकी आणि खवले. (ओला कचरा) डब्यात प्लास्टिकची पिशवी घालू नका, तळाला वर्तमानपत्र घाला. निळा डबा: जे कुजत नाही आणि विकता येतं ते, मग ते भिजलेलं असो. (सुका कचरा) पुठ्ठा भिजला असेल तर जिन्यात उभा करून वाळवा. दुधाची पिशवी विसळून द्या, कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. लाल डबा: पॅड आणि डायपर, वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल पेनने ठिपका. काळं खोकं, प्रत्येक विंगच्या तळमजल्यावर: ब्लेड, सुई, फुटलेला बल्ब, सेल, मुदत संपलेली औषधं. करवंटी, सोडण, कोय: जिन्याखालचं पोतं. सुरुवात: सोमवार, ५ ऑगस्ट. हिरवा डबा रोज सकाळी साडेसात ते नऊ, निळा बुधवारी आणि शनिवारी.’

खाली अर्धा कागद मुद्दाम कोरा सोडला आणि सुतळीने एक पेन्सिल बांधली.

दुधाच्या पिशवीचा कोपरा काहींना जादा वाटला. पण तो नखाएवढा तुकडा कुणीच वेचत नाही. तो केरात जातो, केर हिरव्या डब्यात जातो आणि शेवटी खतात सापडतो.

तारखेचा किस्सा वेगळाच. काकांना १५ ऑगस्ट हवा होता, झेंडावंदनानंतर शपथ वगैरे. मी ५ ऑगस्टवर अडून बसले, कारण त्या दिवशी श्रावण लागत होता. जूनपासून बंद असलेली यांत्रिक होड्यांची मासेमारी १ ऑगस्टला उघडते आणि बाजारात मासळी येऊ लागते, पण आमच्या निम्म्याहून जास्त घरांत श्रावण पाळतात, काही घरांत थेट गणपती जाईपर्यंत. म्हणजे नव्या हौदाला पाचसहा आठवडे बऱ्यापैकी शाकाहारी मिळणार होते. मासळीचा कचरा नीट झाकला तर खतात उत्तम मुरतो. पण हात बसायच्या आधी तोच वाट्याला आला तर तिसऱ्या दिवशी वास सुटतो, चौथ्या दिवशी तक्रार येते आणि पाचव्या दिवशी हौदाला कुलूप.

हौद दोन होते. चिऱ्यांचे, मध्ये हवेसाठी फटी सोडलेले, सहा फूट लांब, चार रुंद, तीन खोल, वर पत्रा. नियम एकच: जेवढ्या बादल्या हिरवा कचरा, त्याच्या निम्म्या बादल्या कोरडा माल वर पसरायचा. इथे माझी दुसरी चूक उघडी पडली. कोरडा माल म्हणजे पाचोळा, आणि आमच्या आवारातला सगळा पाचोळा माळ्याने मार्चमध्ये नेहमीप्रमाणे पेटवून दिला होता. भर पावसात पाचोळा कुठून आणणार? शेवटी काथ्याचा भुसा विकत आणला. पाणी चांगलं धरतो, पण फुकटच्या वस्तूसाठी पैसे मोजताना काकांचा चेहरा बघण्यासारखा होता.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात सलग चार दिवस पाऊस लागला, पत्र्याच्या एका सांध्यातून गळती झाली आणि हौदाला कुजक्या अंड्याचा वास यायला लागला. असा वास म्हणजे आत पाणी भरलंय, हवा नाही. मावशींनी मूठभर माल पिळला तर बोटांतून धार लागली. एकदोन थेंब यावेत, धार नको. सांधा बुजवला, हौद वरखाली केला, भुसा मिसळला. दोन दिवसांत वास गेला. वास नाकात चुरचुरणारा, मुतारीसारखा असता तर कारण उलटं असतं: कोरडा माल कमी पडलाय, खरकटं-मासळी जास्त.

खरी परीक्षा १५ सप्टेंबरच्या रविवारी झाली. गौरी-गणपती होऊन गेले होते आणि सगळ्यांचा उपास एकदम सुटल्यासारखा झाला होता. दुपारी जिन्यात पाऊल ठेवलं तरी कुठल्या मजल्यावर बांगडा आणि कुठे कोळंबी ते कळत होतं. सोमवारी सकाळी हिरव्या डब्यांतून डोकी, खवले, कोळंबीच्या साली असं सहा किलोंच्या वर आलं. मावशींनी हौदाच्या मध्यभागी फावड्याने खळगा केला, ते सगळं आत लोटलं आणि वर वीतभर भुशाचा थर दिला. कडेला नाही, मध्येच. कडा थंड असतात आणि फटीतून मांजराचा पंजा आत येतो. बुधवारी मी लोखंडी सळई मध्यात खुपसली, दहा मिनिटांनी काढली. हातात धरवत नव्हती. आतली उष्णता चढलीय, म्हणजे काम चालू आहे. दोन मांजरं मात्र तीन दिवस हौदाभोवती घिरट्या घालत होती.

निळ्या डब्यांचं पुन्हा वजन केलं, त्याच ताडपत्रीवर. चुकीचं कुजणारं सातशे ग्रॅम निघालं. त्यातली अर्धी कांद्याचीच साल. काळी पिशवी बांधून देणाऱ्या चार घरांतलं एक अजूनही तशीच देतं. त्यांच्याकडे मी आता जात नाही, काका जातात.

सूचनेखालचा कोरा कागद दर पंधरवड्याला बदलावा लागतो. परवाच्या कागदावर पेन्सिलीने कुणीतरी लिहिलं होतं: ‘शहाळं?’

खाली दुसऱ्या अक्षरात उत्तर: ‘करवंटीच्या पोत्यात. आधी वाळवा.’

त्याखाली पुन्हा पहिलं अक्षर: ‘कुठे वाळवू? पाऊस बघितलात का?’