माझा अनुभव: ९० मिलिव्होल्ट यायला हवे होते, १०३ आले

बारावीला मी दरवर्षी e₀ = NABω हे सूत्र फळ्यावर काढून देते. फिरणाऱ्या कुंडलात निर्माण होणारं कमाल ईएमएफ म्हणजे वेढ्यांची संख्या, क्षेत्रफळ, चुंबकीय क्षेत्र आणि कोनीय वेग यांचा गुणाकार. मुलं ते पाठ करतात, गणितं सोडवतात. गेल्या वर्षी ठरवलं, हे चारही आकडे टेबलावर मोजायचे आणि गुणाकार खरोखर जमतो का ते मुलांसमोर बघायचं.

पहिला प्रश्न क्षेत्राचा होता. दोन लोहचुंबकांच्या मधल्या फटीत क्षेत्र जागोजागी बदलतं, आणि सूत्र तर एकसमान क्षेत्रासाठी आहे. म्हणून हेल्महोल्ट्झ कुंडलांची जोडी केली. दोन्हींची त्रिज्या १५ सेंटिमीटर, प्रत्येकी १५० वेढे, दोघींमधलं अंतरही बरोबर १५ सेंटिमीटर. या मापांना १ अँपिअरला ०.९ मिलिटेस्ला मिळतात. २ अँपिअर सोडले की १.८ मिलिटेस्ला. मधल्या तळहाताएवढ्या जागेत क्षेत्र टक्काभरच हलतं, आमचं फिरतं कुंडल तेवढ्यात बसत होतं.

फिरतं कुंडल गावातल्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात भरून घेतलं. ५ बाय ८ सेंटिमीटरची लाकडी चौकट, कडेला ६ मिलिमीटर रुंदीची खाच, त्यात ३० गेजच्या तारेचे २०० वेढे. शंभराव्या वेढ्यावर एक टोक बाहेर काढायला सांगितलं, म्हणजे अर्धे वेढे आणि पूर्ण वेढे दोन्ही मोजता येतील. उभ्या अक्षावर तीन पितळी कडी, प्रत्येकीवर कार्बनचा ब्रश. फिरवायला छोटी मोटर, पण पट्ट्याने जोडून हातभर लांब ठेवली, कारण तिच्यातही चुंबक असतोच.

हिशेब सरळ होता. २०० वेढे, ०.००४ चौरस मीटर, ०.००१८ टेस्ला, सेकंदाला १० फेरे. इथेच निम्म्या वर्गाने ω च्या जागी १० घातले आणि उत्तर १४ मिलिव्होल्ट काढलं. ω रेडियनमध्ये हवा, म्हणजे १० गुणिले २π, ६२.८. मग उत्तर ९० मिलिव्होल्ट येतं. मोजलेला आकडा हिशेबाच्या साधारण सहापट निघाला तर समजावं की २π राहिला.

मल्टिमीटर लावायचा मोह मी टाळला. एक तर तो कमाल मूल्य दाखवत नाही, साइन लाटेसाठी त्याला √२ ने गुणावं लागतं. शिवाय साधे मीटर साधारण ५० हर्ट्झच्या मापासाठी केलेले असतात, १० हर्ट्झला त्यांच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून सीआरओ लावला. पहिल्यांदा पडद्यावर लाटेपेक्षा काटेच जास्त दिसले. कड्यांवर बोटांचं तेल होतं. बारीक पॉलिश पेपरने कडी घासली, ब्रशची स्प्रिंग थोडी घट्ट केली, आणि गुळगुळीत लाट उमटली. एका लाटेला १०० मिलिसेकंद. वेग मोजायला वेगळं यंत्रच लागलं नाही, लाटच तो सांगत होती.

उंची मात्र १०३ मिलिव्होल्ट.

कमी आले असते तर कारणं तयार होती: घर्षण, ब्रश, गळती. सूत्रापेक्षा जास्त कसं येईल? वेग पक्का होता. अमीटर दुसरा लावून पाहिला, २ अँपिअरच. हेल्महोल्ट्झच्या वेढ्यांची नोंद तपासली, अंतर पुन्हा मोजलं. तीन दिवस यात गेले. मनात सारखं क्षेत्राचंच येत होतं, कारण चौघांपैकी तेवढंच डोळ्यांना दिसत नाही.

वाट एका विद्यार्थिनीने दाखवली. ती मधलं टोक वापरून अर्ध्या वेढ्यांची मापं घेत होती. म्हणाली, "मॅडम, वेढे निम्मे केले तरी ईएमएफ निम्मं होत नाही. आतले शंभर ४८ देतात, बाहेरचे शंभर ५४." मी स्वतः बघितलं. ४८ आणि ५४, बेरीज १०२. वेढे सारखे, क्षेत्र तेच, वेग तोच. मग शंभरांत आणि शंभरांत फरक कसला?

तेव्हा रिवायंडिंगवाल्या दादांचं बोलणं आठवलं. तार मोजताना ते म्हणाले होते, "मॅडम, वरच्या थरांना तार जास्त जाते, थोडी जादा धरा." बाहेरचा वेढा मोठा, म्हणून तार जास्त. आणि वेढा मोठा म्हणजे त्याचं क्षेत्रफळही मोठं!

पट्टी घेऊन भरलेलं कुंडल बाहेरून मोजलं: ५.८ बाय ८.८ सेंटिमीटर. तारेचा थर सगळीकडून ४ मिलिमीटर जाड झाला होता. मी हिशेबात रिकाम्या चौकटीचं क्षेत्रफळ घातलं होतं, ४० चौरस सेंटिमीटर, जे फक्त सर्वांत आतल्या वेढ्याचं आहे. मधला वेढा ५.४ बाय ८.४ चा, म्हणजे ४५.४ चौरस सेंटिमीटर. ते घालून उत्तर १०२.७ मिलिव्होल्ट. आतल्या शंभरांचं सरासरी क्षेत्रफळ ४२.६, त्यांचे ४८. बाहेरच्यांचं ४८.२, त्यांचे ५४.५. सगळं जागेवर बसलं.

सूत्रात N आणि A शेजारी शेजारी लिहिलेले असतात, म्हणून ते दोन सुटे आकडे वाटतात. प्रत्यक्षात प्रत्येक वेढा आपापल्या क्षेत्रफळाएवढं ईएमएफ देतो आणि त्यांची बेरीज होते. सगळे वेढे एकसारखे असतील तेव्हाच ती बेरीज N गुणिले A होते. पातळ कुंडलात फरक जाणवत नाही, जाड कुंडलात तेरा-चौदा टक्के चूक सहज होते. आता मी फळ्यावर सूत्र लिहिण्याआधी वेढ्यांची बेरीज लिहिते.

वेगाचं काम त्यामानाने सोपं गेलं. मिनिटाला ३०० फेऱ्यांना ५१ मिलिव्होल्ट, ६०० ला १०३, ९०० ला १५४. उंचीबरोबर लाटाही दाटत गेल्या. फक्त एकदा वेग न बदलता उंची हळूहळू उतरताना दिसली. हेल्महोल्ट्झची तार तापली होती, तिचा रोध वाढून प्रवाह १.९ वर आला होता. तेव्हापासून प्रत्येक मापाआधी अमीटर बघतो आणि मधे कुंडलं निवू देतो.

शेवटच्या दिवशी पट्टा काढून कुंडल हाताने सावकाश फिरवलं. पडद्यावरचा ठिपका वर चढायचा तो चौकटीचं पातं क्षेत्राला समांतर असताना, आणि चौकट क्षेत्राला तोंड देऊन उभी राहिली की शून्यावर यायचा. कुंडलातून जाणारा चुंबकीय स्राव सर्वांत जास्त तिथे ईएमएफ शून्य, हे मुलांनी आपल्या हाताने फिरवून पाहिलं.

मग पट्टा पुन्हा चढवला आणि हेल्महोल्ट्झचा प्रवाह बंद केला. लाट सपाट व्हायला हवी होती. सीआरओची पट्टी बारीक केल्यावर दोन मिलिव्होल्टच्या थोडी वर जाणारी लाट तशीच चाललेली दिसली. टेबल फिरवून पाहिलं, उंची तेवढीच. "मॅडम, हे कुठून येतंय?" पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक आपल्याकडे सुमारे ०.०४ मिलिटेस्ला असतो. मुलांनीच तो आकडा सूत्रात घातला, ४५.४ घेऊन, ४० नव्हे, आणि उत्तर आलं २.३ मिलिव्होल्ट.