बोटांतून झिरपणारा उजेड

“मॅडम, चित्र पाहून प्रत्येकाला वेगळं वाटतं. मग त्यावर लिहिताना तुम्ही पुरावा कसला मागता?”

वाटण्याला माझी हरकत कधीच नव्हती. वाटलं ते चित्रातल्या कोणत्या जागेमुळे वाटलं, एवढंच मी विचारते. तेवढंही विचारलं की मुलं दुखावतात, पालक भेटायला येतात, आणि मागच्या वर्षीची मुलं पुढच्या वर्गाला सांगून ठेवतात की यांच्या विषयात मार्क पडत नाहीत. म्हणून एकदाच नीट लिहिते, एका चित्राच्या आधाराने.

चित्र तुम्हाला माहीत आहे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं, हातात दिवा घेऊन उभी असलेली साडीतली बाई. ‘ग्लो ऑफ होप’. दिवाळीच्या शुभेच्छांपासून कॅलेंडरपर्यंत ते सगळीकडे असतं आणि बहुतेक वेळा त्याखाली राजा रविवर्मा हे नाव असतं. चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे.

एका विद्यार्थिनीने वर्षाच्या प्रकल्पासाठी हे चित्र घेतलं. तिच्या निबंधाची पहिली तीन पानं मी आजही नव्या मुलांना नाव झाकून वाचून दाखवते. तिने चित्राचं ‘वर्णन’ केलं नव्हतं, चित्र उलगडलं होतं. उजेडाचा उगम एकच आहे आणि तो चित्राच्या आत, बाईच्या हातात आहे, हे तिने आधी नोंदवलं. मग ती नजर कशी फिरते याकडे वळली. आपण प्रथम चेहरा पाहतो, तिथून हाताकडे उतरतो, आणि ज्योतीच्या आडोशाला धरलेल्या बोटांपाशी थांबतो, कारण तिथे उजेड बोटांवर पडत नाही, बोटांतून आरपार येतो. बोटं लालसर दिसतात. टॉर्चवर तळहात ठेवला की दिसतात तशी. त्यावरून तिने विधान केलं होतं: या चित्राचा विषय दिवा नाही, उजेड अडवणं हा आहे; जो हात ज्योत झाकतो तोच ती आपल्याला दाखवतो.

रूप पाहून केलेलं विधान असंच असावं लागतं. कुणी ‘छे, असं नाही’ म्हणालं तर बोट ठेवायला चित्रात जागा हवी. “चित्र अतिशय भावपूर्ण आहे” या वाक्याशी भांडता येत नाही, म्हणूनच ते निरुपयोगी आहे.

चौथ्या पानापासून संदर्भ सुरू झाला, आणि तो सगळा रविवर्म्यांचा होता. त्रावणकोर, तैलरंगाचं तंत्र, ओलिओग्राफ नावाच्या रंगीत छापील प्रती, मळवलीचा छापखाना. माहिती जवळजवळ सगळी बरोबर, पण दुसऱ्याच माणसाची. शेवटच्या परिच्छेदात तिने आपल्या सुंदर निरीक्षणाला त्या माहितीची गाठ मारली होती: बोटांतला तो लाल उजेड म्हणजे तैलरंगाच्या पातळ थरांची करामत.

चित्र जलरंगातलं आहे.

हे कळलं की तिच्याच निरीक्षणाचं वजन किती वाढतं ते पाहा. तैलरंगात चित्रकार गडदावर फिकट रंग चढवू शकतो, उजेड सर्वांत शेवटी आणू शकतो, बिघडलं तर खरवडून पुन्हा रंगवू शकतो. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे खालचा कागद. तो राखून ठेवावा लागतो आणि फिकटाकडून गडदाकडे जावं लागतं. एकदा अंधार पुढे सरकला की कागदाचा मूळ उजळपणा सहसा परत मिळत नाही. वरून पांढरा लावता येतो, पण तो झाकतो, त्यातून काही झिरपत नाही, आणि जवळून पाहिलं तर खडूसारखा कोरडा दिसतो. म्हणजे भोवती एवढा अंधार असताना ती बोटं लाल आणि आतून उजळ ठेवणं हा आधीपासून घेतलेला निर्णय असला पाहिजे. “उजेड अडवणं” हे तिचं विधान चित्र घडण्याच्या कृतीतही उतरतं. तिच्या हाताशी पुरावा होता, फक्त तो चुकीच्या माध्यमाच्या नावावर जमा झाला होता.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला एकच प्रश्न विचारला, “हे चित्र कशावर काढलंय?” ती म्हणाली, कॅनव्हास. त्यांनी निबंध मिटून टेबलावर ठेवला. ती बाहेर जाऊन रडली, आणि मग माझ्यापाशी येऊन म्हणाली, “चित्र कुणाचंही असू दे. मी जे पाहिलं ते खोटं आहे का?”

खोटं नव्हतं. तरीही मी त्या निबंधाला चांगले मार्क दिले नाहीत, आणि आजही देणार नाही. कारण संदर्भ ही निबंधाला मागून जोडायची शेपटी नाही. रविवर्मा 1906 साली गेले. हे चित्र 1945-46 च्या सुमाराचं आहे. ही दोन सालं शेजारी ठेवली असती तरी पुढची सगळी पानं गळून पडली असती. चूक का होते तेही समजण्यासारखं आहे: त्याच राजवाड्यात रविवर्म्यांची चित्रं आहेत, साडीतली बाई आहे, आणि छापील प्रतीत माध्यम मरून जातं. मोबाइलवर कागदाचा पोत दिसत नाही, साडीचा रंगसुद्धा दर प्रतीत बदलतो. म्हणून मी सांगते की रंगाच्या छटेवर विधान उभं करायचं असेल तर मूळ चित्र पाहा, ते जमणार नसेल तर त्या छटेवर काही उभं करू नका.

उलट बाजूची चूकही माझ्याकडे येते. साल कळलं की मुलं लगेच लिहितात, 1945-46, स्वातंत्र्य उंबरठ्यावर, म्हणून ही आशेची ज्योत. शीर्षक मदतीला असतंच. पण चित्रात त्याला आधार कुठे आहे? त्यासाठी चित्रकाराचं पत्र, प्रदर्शनाची नोंद, त्या काळातलं परीक्षण असं काहीतरी हवं. आपल्याला जे माहीत आहे ते वेगळ्या दिशेला नेतं: चित्रासाठी उभी राहिली ती हळदणकरांची मुलगी गीता. घरातली ओळखीची व्यक्ती, हातात दिवा, समोर जलरंगात मुरलेला चित्रकार. यातून प्रत्यक्ष पाहण्याचा अभ्यास सिद्ध होतो. राष्ट्र सिद्ध होत नाही. कुणाला ते वाटलं तर वाटू दे, पण “मला वाटतं” आणि “चित्र म्हणतं” ही दोन वाक्यं वेगळी ठेवा.

पूर्वी मी शिकवायची, आधी रूप पाहा, मग संदर्भ वाचा. डोळे स्वच्छ राहतात, असं माझं म्हणणं असे. त्या मुलीने अगदी तसंच केलं होतं आणि तिचे डोळे खरोखर स्वच्छ राहिले होते. आता मी पहिल्याच ओळीत चित्रकार, साल, माध्यम, आकार आणि ही माहिती कुठून घेतली ते लिहायला लावते. चुका कमी झाल्या. पण बोटांतून उजेड येतो हे स्वतःहून लिहिणारी मुलंही कमी झाली. ‘जलरंग’ हा शब्द आधीच वाचला की ती चित्रात जलरंगच शोधत बसतात. जुनी मी म्हणते, बघ, सांगत होते ना. तिला म्हणावं, मग त्या मिटलेल्या निबंधाचं काय?

यंदा निम्म्या वर्गाला माध्यम आधी सांगणार आहे आणि निम्म्याला नंतर. चित्र हेच.